ग्रीक ‘अगापे’ आणि मराठी ‘प्रीति’ : एका शब्दावरून ग्रंथकुल ओळखण्याची रीत

साष्टी बेटांत, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांत, ख्रिस्ती धर्माचे मराठी ग्रंथ दोन वेगळ्या वाटांनीं आले. पहिली वाट पोर्तुगीजांची व दुसरी इंग्रजी अमलांतील मिशनऱ्यांची. या दोन्ही वाटांनीं आलेल्या पोथ्यांचीं व छापील पुस्तकांचीं प्रारंभींचीं आणि शेवटचीं पानें बहुधा आधीं झिजतात, आणि त्याबरोबर ग्रंथाचें नांव, साल व छापखाना हींहि नाहींशीं होतात. अशी मुखपृष्ठहीन प्रत हातीं आली म्हणजे संग्राहकापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं भाषांतर करणारापुढें मूळ म्हणून कोणतें पुस्तक होतें : ग्रीक, लातिन कीं इंग्रजी? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचें उत्तर काढण्याची एक रीत मांडावयाची आहे. ती एका शब्दाच्या आधारें चालते. तो शब्द म्हणजे ‘प्रेम’ या अर्थाचा ग्रीक ‘अगापे’ व त्याचे लातिन, इंग्रजी आणि मराठी प्रतिशब्द.

प्रथम ग्रीक शब्दांचा विचार करूं. प्रेमवाचक चार शब्द ग्रीक भाषेंत विशेष प्रसिद्ध आहेत. ‘एरोस’ म्हणजे ओढ, अभिलाष; स्त्रीपुरुषांमधील आसक्ति हा त्याचा नेहमींचा अर्थ, जरी प्लेटोनें आपल्या ‘सिंपोझियम’ या संवादांत त्यासच सौंदर्याच्या शाश्वत रूपापर्यंत चढत जाणारी जिज्ञासा बनविलें आहे. ‘फिलिया’ म्हणजे स्नेह, मैत्री. ‘स्तोर्गे’ म्हणजे रक्ताच्या नात्यांतील माया, विशेषतः आईबापांची अपत्यांवरील. चौथा ‘अगापे’. त्याचें क्रियापद ‘अगापान’ हें होमरच्या काळापासून कोणत्या ना कोणत्या रूपांत आढळतें. परंतु नाम म्हणून ‘अगापे’ हा शब्द मुख्यतः यहुदी धर्मग्रंथाच्या ग्रीक भाषांतरांत व त्यानंतर ख्रिस्ती नव्या करारांत वाढला. हे चार शब्द चार पायऱ्यांसारखे एकावर एक मांडण्याची जी रीत अलीकडे लोकप्रिय झाली आहे, तिचा प्रसार प्रामुख्यानें सी. एस. लुईस यांच्या इ. स. १९६० च्या ‘द फोर लव्ह्ज’ या पुस्तकामुळें झाला. प्राचीन ग्रीकांनीं अशी कोष्टकवजा वांटणी केली नव्हती.

नव्या करारापुरतें पाहावयाचें तर ‘एरोस’ हा शब्द तेथें एकदांहि येत नाहीं. ‘स्तोर्गे’ हा स्वतंत्रपणें येत नाहीं, समासांत मात्र येतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत ‘आस्तोर्गोस’, म्हणजे ज्यास माया नाहीं असा, हें विशेषण आहे. उरले ‘अगापे’ आणि ‘फिलिया’चें कुल. भाषांतरकाराची खरी कसोटी या दोहोंपाशींच लागते.

मराठींत या अर्थाच्या शब्दांची वाण नव्हती. आपल्या जुन्या पत्रव्यवहाराशीं परिचय असलेल्या वाचकांस हें वेगळें सांगावयास नको. पत्राच्या शेवटीं ‘लोभ असो दीजे’ असें लिहिण्याची चाल सर्वत्र होती, आणि तेथील ‘लोभ’ म्हणजे हांव नव्हे, आपलेपणा. दोन दरबारांमधील सलोख्यास ‘स्नेह’ म्हणत. आणि गंमत अशी कीं ग्रीक तहनाम्यांतहि ‘फिलिया’ हाच शब्द ‘सिम्माखिया’ म्हणजे युद्धांतील सहाय्य या शब्दाच्या जोडीनें नेमका त्याच अर्थानें येतो. म्हणून ‘फिलिया’स सर्वांत जवळचा जुना मराठी शब्द ‘स्नेह’. ‘स्तोर्गे’स ‘माया’ किंवा ‘ममता’. ‘एरोस’स ‘काम’, दोन्ही शब्द भावनेचेंहि नांव आणि धनुर्धारी देवतेचेंहि नांव आहेत. राहिला ‘अगापे’. त्यासाठीं मराठी भाषांतरकारांनीं ‘प्रीति’ हा शब्द पुढें केला.

व्युत्पत्तीच्या अंगानें पाहिलें तर या निवडींत एक मौज दिसते. इंग्रजी ‘लव्ह’ आणि संस्कृत ‘लुभ्’ धातु, ज्यापासून ‘लोभ’ झाला, हे एकाच आर्य मूळापासून निघाले आहेत. तसेंच ‘प्रीति’, ‘प्रेम’ व ‘प्रिय’ हे ज्या ‘प्री’ धातूचे, त्याच मूळाचा इंग्रजी वंशज ‘फ्रेंड’ म्हणजे मित्र हा होय. अर्थात् शब्दाच्या जन्मावरून निर्णय करूं गेल्यास ‘लव्ह’ला ‘लोभ’ व ‘प्रीति’ला मैत्री असें म्हणावें लागेल, आणि तें कोणीहि मान्य करणार नाहीं. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरावरून ठरतो. येथें याहून महत्त्वाचें हें, कीं ‘प्रीति’ आणि ‘प्रेम’ हे दोन्ही एकाच धातूचे असल्यामुळें त्यांपैकीं एक उदात्त व दुसरा सामान्य असा भेद मुळांत भाषेंत नाहीं. तो भेद भाषांतरांत पाळलेला दिसला, तर तो भाषांतरकारानें संकेतानें निर्माण केला असें समजावें.

आतां लातिनकडे वळूं. जेरोमच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या लातिन बायबलांत, ज्यास ‘वुल्गाता’ म्हणतात, ‘अगापे’साठीं दोन शब्द आहेत : ‘कारितास’ आणि ‘दिलेक्तियो’. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत ‘कारितास’ आहे. योहानाच्या पहिल्या पत्रांत ४.८ येथें देवाच्या स्वरूपाविषयीं जें वचन आहे तेथेंहि ‘कारितास’च आहे. परंतु योहानकृत शुभवर्तमानांत १५.१३ येथें, मित्रांसाठीं प्राण देण्याच्या वचनांत, ‘दिलेक्तियो’ आहे. ग्रीकांत या तिन्ही स्थळीं एकच शब्द, ‘अगापे’.

‘कारितास’पासून पोर्तुगीज ‘कारिदादि’ व इंग्रजी ‘चॅरिटी’ हे शब्द आले, आणि दोहोंचा अर्थ हळूहळू दानधर्माकडे झुकला. इ. स. १५२६ मध्यें विल्यम टिंडेल यानें ग्रीकावरून इंग्रजी नवा करार छापला तेव्हां त्यानें ‘चॅरिटी’ टाकून ‘लव्ह’ घातला. सर टॉमस मोर यानें इ. स. १५२९ मध्यें त्यावर हल्ला चढविला. सर्वसामान्य ‘लव्ह’ शब्दानें त्या गुणाचें विशेष पावित्र्य लोपतें असा त्याचा आक्षेप होता. इ. स. १६११ च्या राजमान्य इंग्रजी भाषांतरानें एक प्रकारें दोन्ही पक्ष राखले. करिंथकरांच्या १३ व्या अध्यायांत ‘चॅरिटी’ ठेविला, पण योहानाच्या पत्रांत व शुभवर्तमानांत ‘लव्ह’ योजिला. पुढें इ. स. १८८१ च्या संशोधित इंग्रजी नव्या करारानें ‘चॅरिटी’ काढून सर्वत्र ‘लव्ह’ केला.

म्हणजे तीन स्थळें एका ओळींत मांडलीं, कीं प्रत्येक मूळाची ठेवण निराळी दिसते. करिंथकर १३, योहानाचें पत्र ४.८ आणि शुभवर्तमान १५.१३ हीं तीं स्थळें होत. ग्रीकांत तिन्हीं ठिकाणीं एक शब्द. लातिनांत पहिल्या दोहोंत एक व तिसऱ्यांत दुसरा. इ. स. १६११ च्या इंग्रजींत पहिल्यांत एक व पुढील दोहोंत दुसरा. मराठी प्रतीचीं तीं तीन पानें शाबूत असलीं, तर ही ठेवण ताडून पाहणें कोणासहि शक्य आहे. ग्रीक येण्याची गरज नाहीं.

या रीतीचा साष्टीशीं काय संबंध, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इ. स. १५३४ मध्यें वसईच्या तहानें हें बेट पोर्तुगीजांकडे गेलें व इ. स. १७३९ च्या मराठ्यांच्या वसई मोहिमेपर्यंत त्यांच्याकडे होतें. बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथें लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन साधूंनीं मठ व मंदिर उभारलें. अंधेरीच्या पूर्वेस मरोळ येथें जेझुइटांनीं इ. स. १५७९ मध्यें बांधलेल्या संत जॉन बाप्तिस्ताच्या देवळाचे अवशेष आज औद्योगिक वसाहतीच्या आवारांत आहेत. या धर्मगुरूंचें बायबल लातिन होतें व व्यवहाराची भाषा पोर्तुगीज. उत्तर कोंकणच्या बोलींत फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमरांइश या पाद्र्यानें रचलेलें ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें पुराण इ. स. १६५९ मध्यें लिस्बन येथें रोमन लिपींत छापलें गेलें. तें या परंपरेंतील. गोमंतकांत रायतूर येथें इ. स. १६१६ मध्यें प्रथम छापलेलें फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण हें तिचें थोरलें भावंड.

दुसरी वाट मुंबई शहरांतून आली. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी इ. स. १८१३ मध्यें मुंबईस उतरले, आणि त्यांच्या मिशननें मराठी नवा करार इ. स. १८२६ मध्यें छापून पुरा केला. त्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें वैजनाथ पंडिताच्या साहाय्यानें केलेला मराठी नवा करार इ. स. १८११ मध्यें निघाला होता. या मंडळींस ग्रीक येत होतें. पण इंग्रजी बायबल त्यांच्या तोंडीं बसलें होतें. म्हणून त्यांच्या वाक्यांत कोठें ग्रीक बोलतें व कोठें इंग्रजी, हें स्थळास्थळानें तपासावें लागतें. इ. स. १९२२ मध्यें निवर्तलेल्या पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें हिब्रू व ग्रीक शिकून मूळावरून सोप्या मराठींत केलेलें संपूर्ण भाषांतर त्यांच्या मागून इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. तें या दुसऱ्या वाटेवरील सर्वांत स्वतंत्र काम.

आतां एक उदाहरण तपशिलानें चालवूं. बायबल सोसायटीची जी मराठी आवृत्ति आज प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चालते, ती मुखपृष्ठ नसलेली आपल्यापुढें आहे असें धरूं. वरील तीन स्थळें काढलीं. करिंथकरांच्या १३ व्या अध्यायांत ‘प्रीति’, योहानाच्या पत्रांत ‘प्रीति’, शुभवर्तमानांत १५.१३ येथेंहि ‘प्रीति’. लातिनची ठेवण जमत नाहीं, इ. स. १६११ च्या इंग्रजीचीहि जमत नाहीं. उरतें ग्रीक, किंवा इ. स. १८८१ चें संशोधित इंग्रजी, कारण त्यांतहि तिन्हीं ठिकाणीं एकच ‘लव्ह’ आहे. या दोहोंत निवड करण्यासाठीं चौथें स्थळ लागतें.

तें स्थळ योहानकृत शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायांत, वचनें १५ ते १७ येथें आहे. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या कांठीं येशू पेत्राला, त्याचें आपल्यावर प्रेम आहे काय, असें तीनदां विचारतो. याच पेत्रानें पूर्वी त्याला तीनदां नाकारलें होतें. ग्रीकांत पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापान’ हें क्रियापद आहे व पेत्राचीं उत्तरें मात्र ‘फिलेइन’ या क्रियापदानें दिलेलीं आहेत. तिसऱ्या प्रश्नांत येशू स्वतः ‘फिलेइन’ वापरतो, आणि पेत्र त्याच क्रियापदानें उत्तर देतो. लातिनांत हा भेद ‘दिलिगेरे’ व ‘आमारे’ या क्रियापदांनीं पाळला आहे. इ. स. १६११ च्या इंग्रजींत सहाही ठिकाणीं ‘लव्ह’. इ. स. १८८१ च्या संशोधकांनींहि मजकुरांत ‘लव्ह’च ठेवून, ग्रीक शब्द दोन आहेत एवढी टीप समासांत दिली.

मराठी आवृत्तींत काय दिसतें? पहिले दोन प्रश्न ‘प्रीति करणें’ या क्रियेनें, पेत्राचीं उत्तरें ‘प्रेम करणें’ या क्रियेनें, आणि तिसरा प्रश्न व त्याचें उत्तर दोन्ही ‘प्रेम करणें’ या क्रियेनें. इंग्रजी मजकुरांत नसलेला भेद मराठी मजकुरांत आहे, आणि तो ग्रीकाच्या क्रमाशीं शब्दशः जुळतो. चारही स्थळांचा पुरावा एकत्र केला म्हणजे निष्पन्न होतें तें असें : या आवृत्तीच्या मागें ग्रीक समोर ठेवून केलेलें काम आहे. लातिन दुसऱ्या कसोटीस उतरतें पण पहिलीस नाहीं. संशोधित इंग्रजी पहिलीस उतरतें पण दुसरीस नाहीं. ग्रीक एकटें दोहोंस उतरतें.

ही रीत कोठें फसते, तेंहि सांगणें अवश्य आहे. पहिली गोष्ट अशी, कीं दोन शब्द सांपडणें हा पुरावा बळकट, परंतु एकच शब्द सांपडणें हा दुबळा. ग्रीक जाणणारा भाषांतरकारहि विचारपूर्वक दोन्ही क्रियापदांस एकच मराठी शब्द देऊं शकतो. म्हणून २१ व्या अध्यायांत सर्वत्र ‘प्रीति’ दिसली, तर ती प्रत इंग्रजीवरून झाली असें लगेच लिहून टाकूं नये. दुसरी गोष्ट, कित्येक लेखक केवळ पुनरुक्ति टाळण्यासाठीं शब्द बदलतात. असा बदल ओळखण्याची खूण म्हणजे त्याचा क्रम. तो ग्रीकाच्या क्रमाशीं जुळत नसेल, तर भेद शैलीचा समजावा. तिसरी गोष्ट हस्तलिखितांस विशेष लागू आहे. ख्रिस्तपुराणाचें उदाहरण घ्या. लंडन येथें मार्सडेनच्या संग्रहांतून आलेली देवनागरी प्रत व जे. एल. सालदान्हा यांनीं इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत छापलेली संहिता यांचा ताळा घेतला असतां, छापील संहितेंत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द आहेत तेथें देवनागरी प्रतींत ठिकठिकाणीं संस्कृत शब्द दिसतात. ग्रंथ तोच, शब्द निराळे. तेव्हां हस्तलिखितांतील एकाकी शब्दावरून मूळ ठरविण्यापूर्वी तो शब्द कर्त्याचा कीं लेखनिकाचा, हें पाहिलें पाहिजे. त्याच ग्रंथाच्या दोन प्रती मिळाल्याखेरीज हें बहुधा कळत नाहीं.

शेवटचा मुद्दा अर्थाचा आहे. मराठी वाचक २१ वा अध्याय वाचतो तेव्हां त्याचा असा समज होणें साहजिक आहे, कीं ‘प्रीति’ ही श्रेष्ठ व ‘प्रेम’ हें कनिष्ठ. पेत्र श्रेष्ठ पायरीवर चढूं शकत नाहीं म्हणून येशू तिसऱ्या खेपेस खालीं उतरतो. प्रवचनांतून हा अर्थ पुष्कळदां सांगितला जातो. परंतु ग्रीक ग्रंथाचा साक्षीपुरावा त्यास पुरता अनुकूल नाहीं. याच शुभवर्तमानांत पिता पुत्रावर प्रेम करतो हें ३.३५ येथें ‘अगापान’ या क्रियापदानें व ५.२० येथें ‘फिलेइन’ या क्रियापदानें सांगितलें आहे. येशूच्या प्रिय शिष्याविषयीं १३.२३ येथें पहिलें क्रियापद व २०.२ येथें दुसरें आहे. पित्याच्या प्रेमाचे दोन दर्जे कल्पणें कठीण. उलट, ‘अगापान’ सदैव पवित्रच असतें असेंहि नाहीं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायांत अम्नोन आपल्या बहिणीवर जी वासना धरतो व अखेर तिजवर बलात्कार करतो, त्या वासनेस ग्रीक भाषांतरांत हेंच क्रियापद आहे. आणि तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत देमास यानें ऐहिक जगाच्या ओढीनें पौलाची साथ सोडली, तेथेंहि हेंच.

मग पेत्र दुःखी झाला तो कशामुळें? शब्द बदलला म्हणून, कीं तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली म्हणून? ग्रीक वाक्य दोन्ही वाचनांस वाव देतें. तिहेरी नकार ध्यानांत घेतां दुसरें वाचन मला अधिक सरळ वाटतें. मूळ संभाषण अरमाईक भाषेंत झालें असावें, आणि तेथें हा शब्दभेद होता असें मानण्यास आधार नाहीं. मराठी भाषांतरकारानें दोन शब्द राखले, हें संहितेशीं त्याचें इमान झालें. दोन शब्दांत उच्चनीच कल्पणें हें वाचकाचें काम, आणि त्यास भाषांतर पुरावा होऊं शकत नाहीं.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. ‘प्रीति’ आणि ‘प्रेम’ यांची पालट ग्रंथाचें कुल सांगण्यास उत्तम साक्षीदार आहे. ग्रंथाचा सिद्धांत सांगण्यास नाहीं. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या भागांत कोणास मुखपृष्ठहीन मराठी नवा करार आढळल्यास, त्याच्या नोंदींत निदान वरील चार स्थळांचे शब्द जसेच्या तसे उतरून ठेवावेत, व त्यापुढें प्रतीची लिपि, कागद व टाइप यांचें वर्णन द्यावें. साल अंदाजानें लिहिण्यापेक्षां हे चार शब्द अधिक उपयोगी पडतील, कारण पुढें दुसरी प्रत सांपडली म्हणजे दोहोंचा संबंध त्यांवरूनच जोडतां येईल. या रीतीस बाधक किंवा पोषक अशीं आणखी स्थळें कोणा अभ्यासकास आढळल्यास तीं अवश्य प्रसिद्ध करावीं.